हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये डक्ट, ड्रेन आणि बीम: १,८४६ क्लॅश निघालेत, सुरुवात कुठून करू?

पाइप_आणि_पोहे

नमस्कार मंडळी. मी नागपुरात एका छोट्या एमईपी कन्सल्टंटकडे मॉडेलिंग करतो. सध्या हिंगणा रोडवरच्या एका छोट्या हॉस्पिटलचं काम हातात आहे, तळमजला अधिक तीन. आर्किटेक्टचं आणि स्ट्रक्चरचं मॉडेल बाहेरून आलंय, आमचं एमईपी आम्हीच रेव्हिटमध्ये काढलंय. तिन्ही नॅव्हिसवर्क्समध्ये एकत्र करून क्लॅश टेस्ट चालवली तर १,८४६ क्लॅश निघाले. Tolerance २५ मिमीवरून १०० केल्यावर दोनशेच्या आसपास उरले, तेव्हा जरा जीवात जीव आला.

खरी डोकेदुखी पहिल्या मजल्याचा कॉरिडॉर आहे. रुंदी २४०० मिमी. त्यातून लांबीला ९०० × ३५० चा सप्लाय डक्ट जातो. वरच्या मजल्याच्या टॉयलेटचा ११० मिमीचा ड्रेन याच कॉरिडॉरला आडवा ओलांडून पलीकडच्या शाफ्टमध्ये उतरतो. मजल्याची उंची ३६००, बीम सगळे २३० × ६००, स्लॅब १२५, फॉल्स सीलिंग २४०० वर. डक्ट कसाबसा बसतोय, पण ड्रेन एकतर बीममध्ये घुसतो नाहीतर डक्टमध्ये. ड्रेनचा उतार १:६० चा १:१०० करून पाहिला, तरी सुटत नाही.

दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबचं सेंट्रिंग लवकरच लागणार आहे. त्याआधी कुठे काय हलवायचं ते ठरवायचंय. कुठून हात घालू?

---

तर्री_एक्स्ट्रा

सोपं आहे भाऊ. डक्ट चपटा कर. क्षेत्रफळ तेवढंच ठेव म्हणजे झालं. ९०० × ३५० म्हणजे ३,१५,००० चौ. मिमी, तर १२६० × २५० घे. १०० मिमी मोकळी झाली, ड्रेन वरून काढ. आम्ही साइटवर असंच करतो, आजवर कोणाची तक्रार नाही.

आणि उतार १:१०० चालतो. सगळे तेवढाच देतात.

---

बेसावासी

विषय बीम आणि ड्रेनचा निघालाय म्हणून विचारतो. आमच्या बेसातल्या फ्लॅटमध्ये वरच्यांनी बाथरूम नवीन केलं तेव्हा त्यांच्या प्लंबरने बीमला मशीनने भोक पाडून पाइप काढलाय. खालून आम्हाला सळई दिसते. ओल पण येते. वॉटरप्रूफिंग कोणतं करावं? कोणी चांगला माणूस सुचवेल का, मनीष नगरकडचा असला तर बरं.

---

पाइप_आणि_पोहे

@बेसावासी काका, इथे मॉडेलमधल्या बीमबद्दल चाललंय, बिल्डिंग अजून बांधायचीय 🙂 पण सळई दिसत असेल तर वॉटरप्रूफिंगच्या आधी कोणातरी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा.

---

जुना_ड्राफ्ट्समन

पाइप हलवण्याआधी एक काम कर. कॉरिडॉरमध्ये एका ग्रिडवर सेक्शन काप आणि मॉडेलमधल्या बीमच्या तळाची लेव्हल मोज. मग स्ट्रक्चरल ड्रॉइंग उघड आणि त्यात त्या मजल्याच्या स्लॅबची वरची लेव्हल काय लिहिलीय ते बघ. दोन्ही आकडे इथे टाक. तोवर १,८४६ असो की दोनशे, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आणि Tolerance १०० का केलंस?

---

पाइप_आणि_पोहे

मॉडेलमध्ये बीमचा तळ खालच्या फिनिश फ्लोअरपासून ३००० वर आहे. म्हणजे ३६०० वजा ६००, बरोबरच दिसतंय. ड्रॉइंगमध्ये स्लॅबची वरची लेव्हल ३५२५ लिहिलीय.

Tolerance १०० केलं कारण आमचे साहेब म्हणाले की साइटवर तेवढं इकडंतिकडं होतंच.

---

जुना_ड्राफ्ट्समन

बरोबर नाही. ३६०० ही फरशीच्या वरची लेव्हल झाली. फरशी, बेडिंग आणि खालच्या पाइपिंगसाठी स्ट्रक्चरवाल्यांनी स्लॅब ७५ मिमी खाली ठेवलाय, म्हणून ड्रॉइंगमध्ये ३५२५ आहे. ज्याने स्ट्रक्चरचं मॉडेल काढलं त्याने आर्किटेक्टच्या लेव्हल जशाच्या तशा घेतल्या आणि बीम फरशीच्या लेव्हलला टांगले. तुझ्या मॉडेलमधला प्रत्येक बीम खऱ्या जागेपेक्षा ७५ मिमी वर आहे. खरा तळ ३५२५ वजा ६००, म्हणजे २९२५.

म्हणजे बीम आणि सीलिंगमध्ये तुला ६०० वाटत होते ते ५२५ आहेत.

दुसरी तपासणी त्याच सेक्शनमध्ये कर. ६०० ही बीमची खोली स्लॅब धरून आहे का? आपल्याकडे ड्रॉइंगमध्ये बीमची खोली बहुतेक स्लॅबसकट लिहितात. काही मॉडेलर स्लॅबच्या खाली अख्खा ६०० चा बीम लटकवतात. मग तळ १२५ ने खाली जातो आणि नसलेले क्लॅश ढिगाने निघतात. तुझ्या आकड्यावरून तुझ्याकडे तसं झालेलं दिसत नाही, पण प्रत्येक मजल्यावर एक सेक्शन कापून खात्री कर.

Tolerance बद्दल साहेबांना सांग की तो साइटच्या चुकांचा हिशोब नाही. Hard टेस्टमध्ये त्या आकड्याचा अर्थ असा की तेवढ्यापेक्षा कमी घुसलेलं दाखवू नकोस. १०० ठेवलंस तर ९० मिमी बीममध्ये शिरलेला डक्ट रिपोर्टमध्ये येणारच नाही. साइटवर इकडंतिकडं होतं म्हणून आकडा उलट कमी ठेवायचा असतो. Clearance टेस्टमध्ये अर्थ पालटतो, तिथे ५० म्हणजे दोघांत किमान ५० मिमी मोकळी जागा हवी. रकाना तोच आहे, म्हणून लोक फसतात.

स्ट्रक्चरचं मॉडेल ज्यांचं आहे त्यांच्याकडूनच लेव्हल दुरुस्त करून घे. नॅव्हिसवर्क्समध्ये फाइल ७५ ने खाली सरकवून भागवू नकोस. पुढच्या वेळी नवी फाइल आली की कोणाच्या लक्षात राहणार नाही ती सरकवलेली होती की नाही.

---

पाइप_आणि_पोहे

बापरे. स्ट्रक्चरवाल्यांनी फोनवर मान्य केलं आणि संध्याकाळपर्यंत नवीन मॉडेल पाठवलं. लोड करून आधी १०० वरच टेस्ट चालवली. कॉरिडॉरचा डक्ट हिरवाच होता. मग Tolerance ५ केलं, तर अख्खा कॉरिडॉर लाल झाला. प्रत्येक आडव्या बीमपाशी डक्ट घुसलाय. आधी डक्टचा वरचा पत्रा २९४० वर होता, इन्सुलेशन धरून २९६५. बीमचा तळ आता २९२५ वर आलाय, म्हणजे पत्रा १५ मिमी आणि इन्सुलेशन ४० मिमी आत.

एकूण आकडा मात्र अडीच हजारांच्या वर गेला. हे साहेबांना कोणत्या तोंडाने सांगू?

---

जुना_ड्राफ्ट्समन

बघ, पत्रा १५ मिमीच आत आहे. तो तुझ्या मूळच्या २५ वरसुद्धा दिसला नसता.

एकूण आकडा सांगूच नकोस. नॅव्हिसवर्क्स जोड्या मोजतं. एक पाइप तीन बीममधून गेला की तीन, त्यात एल्बो आणि कपलिंग वेगळे. त्याच डक्टचे दहा तुकडे असले की दहा. एका लाइनचे क्लॅश एका ग्रुपमध्ये घाल आणि ग्रुपला लाइनचं नाव दे. कॉरिडॉर सप्लाय डक्ट हा एकच प्रश्न आहे, क्लॅश कितीही असोत. मीटिंगला लाइन घेऊन जा, यादी घेऊन गेलास तर कोणी दुसऱ्या पानापुढे वाचत नाही.

आता रूटिंग. आधी उताराची लाइन बसव, मग डक्ट, मग दाबाचे पाइप आणि केबल ट्रे. स्प्रिंकलरचा पाइप वरखाली वळवता येतो. पाणी मात्र कोणाचं ऐकत नाही. ड्रेनचा उतार १:६० प्लंबिंग कन्सल्टंटने दिलाय तर तो तसाच ठेव. क्लॅश सुटावा म्हणून उतार बदलणं हा तुझा अधिकार नाही. @तर्री_एक्स्ट्रा १:१०० दीडशेच्या पाइपला बरेच जण देतात, ११० च्या टॉयलेट लाइनला मी देणार नाही. हॉस्पिटलमध्ये लोक काय काय फ्लश करतात ते वॉर्डबॉयला विचारा.

ड्रेन कुठे सुरू होतो, पहिला बीम किती अंतरावर, दुसरा किती, शाफ्ट किती?

---

पाइप_आणि_पोहे

टॉयलेटचा स्लॅब सन्क नाही, पाइप स्लॅबखालीच टांगलाय. सुरुवात शेवटच्या कमोडपाशी, पाइपचा मध्य ३२५० वर (स्लॅबचा तळ ३४००). तिथून कॉरिडॉरच्या अलीकडचा बीम ३.६ मीटरवर, पलीकडचा त्यापुढे २.४ मीटरवर, मग शाफ्ट ३ मीटर. एकूण ९ मीटर. कॉरिडॉरला आडवे बीम दोन्ही बाजूंना आहेत, पण ड्रेन त्यांच्या मधल्या पॅनेलमधून ओलांडतो. पाइप आधी लेव्हलपासूनच्या अंतराने ठेवलेला होता, म्हणून स्ट्रक्चर खाली सरकल्यावर तो जागच्या जागी राहिला. तोही ७५ ने खाली घेतला, हे त्यानंतरचे आकडे आहेत.

---

जुना_ड्राफ्ट्समन

शाबास, ते खाली घेणं बरेच जण विसरतात.

आता बीमखालून नेण्याचा हिशोब करून बघ म्हणजे मनातून निघून जाईल. बीमचा तळ २९२५, त्याखाली २० मिमी फट, ११० चा पाइप, कॉरिडॉर ओलांडताना ४० चा उतार. पाइपचा तळ २७५५ वर. त्याखाली डक्ट घातला तर फ्लँज आणि सपोर्टसकट तो २३०० च्याही खाली येतो. सीलिंग २४०० वर. विषय संपला.

दोन बीमच्या मधल्या पॅनेलमध्ये मात्र स्लॅबच्या तळापासून बीमच्या तळापर्यंत ४७५ मिमीचा खिसा रिकामा पडलाय. डक्टला तो वापरता येत नाही, कारण त्याला पुढच्या बीमखाली पुन्हा उतरावं लागतं. ड्रेनला येतो. अट एकच, कॉरिडॉरच्या दोन्ही लांबीच्या बीममध्ये स्लीव्ह हवा.

३२५० पासून ३.६ मीटरला ६० उतरून पहिल्या बीममध्ये मध्य ३१९०. पुढे ४० उतरून दुसऱ्यात ३१५०. शाफ्टला ३१००. बीम २९२५ ते ३५२५, त्याचा मधला तिसरा हिस्सा ३१२५ ते ३३२५. दोन्ही मध्य त्यात पडतात. पण भोक बीममध्ये आहे, तेव्हा पुढचा शब्द माझा नाही. @स्लॅबखालची ताई आहेत का?

---

स्लॅबखालची

आहे, वाचत होते. मी या प्रोजेक्टची इंजिनियर नाही, म्हणून हे फक्त तुमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटला काय विचारायचं यासाठी घ्या.

उंचीतली जागा ठीक वाटते. मला लांबीतली जागा कळली नाही. पाइप कॉलमच्या तोंडापासून किती अंतरावर बीम ओलांडतो?

---

पाइप_आणि_पोहे

६५० मिमी.

---

स्लॅबखालची

तिथे मी परवानगी देणार नाही. सपोर्टजवळ शिअर सगळ्यात जास्त असतो, रिंगाही तिथेच दाट असतात. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत नागपूर झोन २ मध्ये येतं, त्यामुळे आयएस १३९२० ची डक्टाइल डिटेलिंग इथे सक्तीची नाही. तरी मी कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतर मोकळं ठेवते. म्हणजे तुमच्या बीमला १२००. आणि कुठला आडवा दुय्यम बीम त्याच ठिकाणी येऊन टेकत नाही ना, हेही बघा. मॉडेलमध्ये भोक मोकळ्या जागी दिसतं आणि प्रत्यक्षात तिथेच दुसऱ्या बीमचा भार उतरत असतो.

स्लीव्ह किती व्यासाचा धरलाय? ११० च्या पाइपला १६० चा असेल तर तो ६०० च्या बीमच्या चौथ्या हिश्शापेक्षा थोडा मोठा होतो. अशक्य नाही, पण मी त्या बीमचा हिशोब पुन्हा करेन, भोकाच्या दोन्ही बाजूंना जादा रिंगा देईन आणि वरखाली सळई वाढवेन. हे सेंट्रिंगच्या आधी माझ्या ड्रॉइंगवर यायला हवं. टेबलवर झालेल्या बोलण्यावर लोखंड बांधलं जात नाही.

@बेसावासी तुमच्या वरच्यांनी केलं ते याच्या उलट आहे. नंतर कोअर मारला की रिंग कापली जाते, कधी मुख्य सळईही. सळई उघडी दिसतेय तर ओल तिच्यापर्यंत पोचतेय. पोस्टमधल्या पोराचं म्हणणं बरोबर आहे, आधी बीम दाखवा.

---

बेसावासी

धन्यवाद ताई. सोसायटीच्या मीटिंगला हे वाचून दाखवतो. वरचे म्हणतात प्लंबर अनुभवी होता.

---

पाइप_आणि_पोहे

पाइप ६०० मिमी सरकवला, आता कॉलमपासून १२५० वर ओलांडतो. दुय्यम बीम त्या जागी नाही, बघितलं. पण त्यामुळे पहिल्या बीमपर्यंतची लांबी ४.२ मीटर झाली आणि १० मिमी जादा उतार लागला. आता मध्य ३१८० आणि ३१४०. शाफ्टकडे परत ६०० वळावं लागतं, म्हणून तिथे ३०८०. स्लीव्ह १६० चाच धरलाय. दुसऱ्या बीममध्ये भोकाखाली १३५ मिमी काँक्रीट उरतं. कन्सल्टंटला सेक्शन पाठवलाय.

आता डक्ट. @तर्री_एक्स्ट्रा दादा म्हणतात तसा १२६० × २५० घेऊ?

---

जुना_ड्राफ्ट्समन

तर्रीचं निम्मं बरोबर आहे. चपटा करायलाच हवा. पण क्षेत्रफळ सारखं ठेवून घर्षण सारखं राहत नाही, कारण चपट्या डक्टमध्ये हवेला घासायला पत्रा जास्त मिळतो. सारख्या घर्षणासाठी समतुल्य गोल व्यास धरतात:

```
De = 1.30 × (a×b)^0.625 / (a+b)^0.25
```

तुझा ९०० × ३५० चा व्यास साधारण ५९७ येतो. १२६० × २५० चा ५७० च्या आसपास. दिसायला २७ मिमीचा फरक, पण तेवढ्याच हवेला दाबाचा ऱ्हास साधारण चौथ्या हिश्शाने वाढतो. नागपूरच्या मे महिन्यात पंखा आधीच पूर्ण ताकदीने चाललेला असतो, शेवटच्या खोलीत हवा पोचली नाही की फोन तुलाच येईल.

तोच व्यास हवा तर २५० उंचीला १४०० रुंदी लागते. ३०० उंचीला ११०० पुरते.

---

तर्री_एक्स्ट्रा

मान्य, सूत्र वापरत नाही आम्ही. पण १४०० × २५० म्हणजे साडेपाच पटीचं गुणोत्तर झालं. पत्रा फडफडतो, आत पट्ट्या घालाव्या लागतात. चारपटीच्या वर शक्यतो घेऊच नये, माझं १२६० × २५० पण त्यात बसत नाही. परिमिती २५०० वरून ३३०० वर गेली, म्हणजे पत्रा जवळपास एक तृतीयांश जास्त. पैसे कोण देणार? ११०० × ३०० ला २८०० होतात, ते परवडेल.

आणि एक, तुमच्या मॉडेलमध्ये फ्लँज आहे का? आमचा फ्लँज चारी बाजूंनी ३५ बाहेर येतो. इन्सुलेशन २५ चं. म्हणजे जॉइंटपाशी फ्लँजच पुढे. मॉडेलवाले डक्ट गुळगुळीत काढतात आणि वरून सांगतात की बसतोय.

---

जुना_ड्राफ्ट्समन

हे तर्रीने लाखाचं सांगितलं. फ्लँज मॉडेलमध्ये नसतो, म्हणून डक्ट आणि बीममध्ये वेगळी Clearance टेस्ट लावायची. तिथे इन्सुलेशन बाजूला ठेवून फक्त पत्रा निवड आणि ६० दे, म्हणजे ३५ फ्लँजचे आणि २५ फटीचे.

---

पाइप_आणि_पोहे

हिशोब मांडला. बीमखाली फट २५, डक्ट फ्लँजसकट, खाली सपोर्ट ५०, सीलिंगचा सांगाडा आणि लाइट १००.

३५० चा डक्ट: २५ + ४२० + ५० + १०० = ५९५. म्हणून चुकीच्या ६०० मध्ये तो बसत होता!
३०० चा डक्ट: ५४५.
२५० चा डक्ट: ४९५.

जागा ५२५. ३०० चा २० मिमीने अडतोय.

---

जुना_ड्राफ्ट्समन

२० साठी १४०० चा डक्ट घेऊ नकोस. लाइटला १०० धरलेत, ते जुन्या ट्यूबच्या पेटीचं माप आहे. पातळ एलईडी पॅनेल असेल तर ७५ मध्ये भागतं, मग ५२० होतात. ५ मिमी उरले, ते कागदावरचे समज. बीमचं शटरिंग तेवढं फुगतंच.

नाहीतर आर्किटेक्टला सांग की कॉरिडॉरचं सीलिंग २३७५ करा.

---

तर्री_एक्स्ट्रा

किंवा डक्ट दोन करा. दोन्ही बाजूंच्या खोल्यांना वेगवेगळा, प्रत्येकी छोटा. कॉरिडॉर २४०० चा आहे, जागा आहे.

---

जुना_ड्राफ्ट्समन

मग केबल ट्रे आणि मेडिकल गॅसच्या लाइनी कुठे घालणार? डॅम्परचं दार उघडायला माणसाचा हात जायला हवा. हे मला पटत नाही, पण सेक्शनमध्ये काढून बघायला हरकत नाही.

---

सेंट्रिंगवाला

राजे हो, मी साइटवाला माणूस. बुटीबोरीकडं काम चालू आहे माझं. तुमचे ३१८० अन् ३१४० आमच्या कामाचे नाहीत. बीमचा साचा लावते तेव्हा फरशी नसते, स्लॅब पण नसते. आमच्यापाशी फक्त साच्याचा तळ असते. तिथूनच टेप लागते. म्हणून ड्रॉइंगवर लिहा, साच्याच्या तळापासून स्लीव्हचा तळ इतका, अन् कॉलमच्या तोंडापासून मध्य इतका. ए३ च्या कागदावर, मोठ्या अक्षरात. मोबाइलवर मॉडेल दाखवून राहिले लोकं, ऊन असलं की काहीच दिसत नाही त्यात.

दुसरं असं, स्लीव्ह सळईच्या पिंजऱ्यात बायंडिंग वायरनं चारी बाजूनं बांधा. नुसता ठेवला तर व्हायब्रेटर लागला की वर तरंगते. तोंडं थर्माकोलनं बंद करा, नाही तं काँक्रीट आत शिरते अन् मग पोट्टे छिन्नी घेऊन बसते.

---

पाइप_आणि_पोहे

@सेंट्रिंगवाला भाऊ, हे कोणी सांगत नाही. मग माझे आकडे असे: पहिला बीम, साच्याच्या तळापासून स्लीव्हचा तळ १७५. दुसरा बीम, १३५. दोन्हीकडे कॉलमच्या तोंडापासून मध्य १२५०. बरोबर ना?

---

सेंट्रिंगवाला

बरोबर. पण दोन्ही बीमवर ग्रिडचं नाव अन् बाणानं पाणी कोणीकडं जाते ते दाखवा. नाही तं १७५ इकडं अन् १३५ तिकडं होते. मी स्वतः पाहिलं आहे.

---

जुना_ड्राफ्ट्समन

आणि ती अदलाबदल निस्तरत नाही. ४० मिमीचा उतार उलटा ४० होतो, म्हणजे ८० चा फरक. १६० च्या स्लीव्हमध्ये ११० चा पाइप प्रत्येक बाजूला २५ हलतो, दोन्ही टोकं मिळून ५०. ३० मिमी कमीच पडतात. नुसता एखादा स्लीव्ह १०-१५ ने चुकला तर चालून जातं, १६० त्यासाठीच धरलाय.

स्लीव्ह मॉडेलमध्येही काढ, बीमला खरं भोक पाड. मग टेस्टमध्ये तो पाइप आपोआप सुटेल. पाइप-बीम क्लॅशला हाताने Approved करून ठेवलंस तर पुढे पाइप जरा सरकला तरी कोणाचं लक्ष जाणार नाही.

---

स्लॅबखालची

याला माझा थोडा विरोध आहे. स्ट्रक्चरच्या मॉडेलमध्ये भोक एमईपीवाल्याने पाडू नये. तुम्ही स्लीव्हची जागा दाखवणारा ठोकळा तुमच्या मॉडेलमध्ये ठेवा, भोक आम्ही मान्य केल्यावर आम्ही पाडू. नाहीतर मॉडेलमध्ये मंजूर नसलेली भोकं दिसतात आणि सगळ्यांना वाटतं की आम्ही पाहिलीत.

---

जुना_ड्राफ्ट्समन

हे मान्य. मी ज्या ऑफिसात आहे तिथे दोन्ही एकाच टेबलावर आहेत, म्हणून मी तसं बोललो.

---

पाइप_आणि_पोहे

अपडेट: स्ट्रक्चरल कन्सल्टंटचं उत्तर आलं. पहिल्या बीमला होकार, जादा रिंगांसह. दुसऱ्या बीममध्ये खालची सळई दोन थरांत आहे, म्हणून १३५ वर ते पुन्हा बघतायत. ड्रेन १५-२० ने वर घेता येईल का, असं विचारतायत. डक्ट ११०० × ३०० वर सगळे आले. सीलिंग २३७५ ला आर्किटेक्ट सध्या नाही म्हणतात, पातळ लाइटचं बघतो म्हणाले.

ड्रेन वर घ्यायचा तर कमोडपाशीच ३२५० चा ३२७० करावा लागेल. स्लॅबचा तळ ३४००, बेंड बसतो का ते प्लंबिंगवाल्यांना विचारलंय.

---

तर्री_एक्स्ट्रा

खोल्यांमध्ये कॅसेट एसी आहेत का?

---

पाइप_आणि_पोहे

हो, दोन्ही बाजूंना.

---

तर्री_एक्स्ट्रा

मग त्यांच्या पाण्याची लाइन कुठे आहे? एवढ्या चर्चेत ती दिसली नाही. तीही उताराने शाफ्टला जायला हवी, आणि तिला पण तेच बीम आडवे येतात.

---

पाइप_आणि_पोहे

मॉडेलमध्ये नाहीये. ड्रॉइंगमध्ये फक्त "ड्रेन टू शाफ्ट" लिहून बाण काढलाय.

---

जुना_ड्राफ्ट्समन

मग स्लीव्हची यादी अजून पाठवू नकोस. आधी त्या लाइनी काढ. कॅसेटमध्ये स्वतःचा पंप असला तर पाणी थोडं वर उचलता येतं, तेव्हा मॉडेल नंबर बघून पंप किती उंची चढवतो ते कॅटलॉगमधून घे. पुरेसं चढत असेल तर २५-३२ च्या लाइनी त्याच खिशातून नेता येतील, नाहीतर बीमखालून. आणि बीमखालून म्हटलं की डक्टच्या त्या ५ मिमीचा हिशोब पुन्हा उघडावा लागेल.